हिरवी इरकल कुणी नेसली होती? मालिकेतली साडी आणि तिचा प्रसंग कसा ओळखायचा

प्रश्न: «बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतात आणि मालिकेतलीच साडी मागतात. परवा दोन बायकांची दुकानातच जुंपली. एक म्हणे, ही हिरवी इरकल धाकट्या सुनेनं डोहाळजेवणात नेसली होती. दुसरी म्हणे, छे, ती थोरल्या जावेची, हळदीकुंकवातली. दोघींचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. मला दोन्हीत साडी एकच दिसते. कुणी, कोणत्या सीनमध्ये, नेमकी कोणती नेसली हे खात्रीनं कसं सांगायचं?»

ताई, मी बरीच वर्षं मालिकांच्या वेशभूषा विभागात काम केलंय, आधी कोल्हापूरकडच्या युनिटांवर आणि नंतर मुंबईत. तुम्ही म्हणता त्या मालिकेवर मात्र मी नव्हते. त्यामुळे त्यांच्या कपाटात नेमकं काय लटकत होतं ते मला ठाऊक नाही. पण तुमचे दोन फोटो मोठे करून पाहिले, आणि त्यांत साडी एक नाही हे मी इथे बसून सांगू शकते. दोघी गिऱ्हाईक आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ रंगानं आणि झोपाळ्यानं घातलाय.

आधी रंगाचं बघू. पडद्यावरच्या रंगावर शेवटी विश्वास ठेवायचा, आधी नाही. तोच कपडा दिवसा अंगणात एक रंग दाखवतो, रात्रीच्या सीनला पिवळ्या दिव्यांत दुसरा. मग संकलनानंतर रंग जुळवताना सगळ्या चित्रालाच थोडी ऊब दिली जाते. त्यावर चॅनेलचं प्रक्षेपण, त्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा स्क्रीन. सगळ्यात जास्त फसवतो तो तुम्ही दुकानात 'रामा' म्हणता तो रंग, म्हणजे धड निळा नाही आणि धड हिरवा नाही असा. उजेड थंड असेल तर तो निळ्याकडे झुकतो, पिवळा असेल तर हिरव्याकडे. त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल तर बाई वळली की साडीच बदलल्यासारखी वाटते. म्हणून 'हिरवी' हा शब्द गिऱ्हाइकाकडून ऐकून घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा.

प्रकाशानं जे बदलत नाही ते आधी बघायचं. इरकलीच्या बाबतीत हे सोपं आहे, आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं जाणता: काठ आणि पदर. सुनेच्या फोटोत काठ रुंद आहे, त्यावर गोमीची नक्षी स्पष्ट दिसते आणि अंग कोरं आहे. जावेच्या फोटोत काठ त्याच्या जेमतेम निम्मा आहे, चिक्की परासचा वाटतो, आणि अंगात बारीक उभ्या रेघा आहेत. फोटो लहान असताना त्या रेघा विरून जातात, म्हणून तुम्हाला साडी एकच वाटली. मोठा करून निऱ्यांपाशी बघा, तिथे कापड सरळ पडतं आणि रेघा मोजता येतात. काठाची रुंदी डोळ्यानं अंदाजू नका, शेजारी ठेवून बघा. बाईच्या मनगटातल्या बांगडीच्या किंवा तळहाताच्या मानानं काठ केवढा दिसतो ते दोन्ही फोटोंत ताडून पाहिलं की कॅमेरा जवळ होता की लांब, हा प्रश्न उरत नाही.

पदर दोन्हीत लाल-पांढराच आहे. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पारंपरिक इरकलीचा पदर तसाच असतो: लाल रंगाचे तीन पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्याचे दोन. गिऱ्हाईक नेमका हा पदर लक्षात ठेवतं आणि 'तीच साडी' म्हणतं. ओळख पटवायला पदराचे पट्टे नाहीत, पट्ट्यांतली नक्षी लागते. ती कंगव्याच्या दात्यांसारखी आहे, किल्ल्याच्या बुरुजांसारखी की जोंधळ्याच्या कणसासारखी? सुनेचा पदर खांद्यावरून मोकळा सोडलाय, त्यात बुरुज दिसतात. जावेनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे ओढलाय, तिची नक्षी घडीत गेलीय. तिथे अंदाज करू नका, 'दिसत नाही' एवढंच लिहून ठेवा.

हे झालं कापडाचं. आता माणूस आणि प्रसंग.

बहुतेक मालिकांत प्रत्येक बाईला रंगांचं एक घर दिलेलं असतं. लुक टेस्टच्या वेळीच ठरतं की नायिकेला उबदार रंग, जावेला थंड आणि गडद, सासूला रुंद काठ आणि जड पोत. यामागे हौस कमी आणि सोय जास्त असते. दिवाणखान्यात आठ माणसं उभी असताना, टीव्ही लांबून बघणाऱ्या आजीला कोण कोण आहे हे चेहऱ्याआधी रंगावरून कळावं लागतं. दोघींना एकाच फ्रेममध्ये एकाच रंगात उभं केलं की दिग्दर्शकाच्या आधी कॅमेरामनच ओरडतो. त्यामुळे जावेच्या अंगावर हिरवा दिसला की मी आधी विचारते, हा खरंच हिरवा आहे का? तुमच्या मालिकेचे जे भाग मी चाळले, त्यात जाऊ कायम जांभळा, निळा, रामा यातच फिरते. तेव्हा तिची 'हिरवी' बहुधा रामाच आहे. काठ आणि अंग वेगळं निघालं होतंच, आता रंगही त्याच बाजूला जातोय.

ओळखीसाठी दागिने फार उपयोगी, पण त्यांचा उपयोग माणूस ओळखायला, प्रसंग ओळखायला नाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधलं जान्हवीचं मंगळसूत्र आठवा. मालिका 2013 साली सुरू झाली आणि सराफांकडे बायका 'जान्हवीचं मंगळसूत्र' असंच मागायला लागल्या. असा दागिना पात्राची खूण होतो, कारण तो रोज गळ्यात असतो. नेमका म्हणूनच त्यावरून दिवस कळत नाही. साडीचं उलट असतं. ती एका प्रसंगापुरती असते, पण तीच साडी पुढे दुसऱ्या पात्राच्या वाट्याला येऊ शकते. निर्मितीसंस्था साडी फेकून देत नाही. काही महिन्यांनी तीच साडी मावशीच्या अंगावर पाहुणी म्हणून येते, किंवा त्याच संस्थेच्या दुसऱ्या मालिकेत जाते.

अशा वेळी ब्लाउज पाहायचा. साडी कुणालाही नेसवता येते, ब्लाउज एकीच्या मापाचा असतो. आत कापड सोडलेलं असलं तरी एकीचा दुसरीला क्वचितच बसतो, शिवाय गळा आणि बाही पात्रागणिक ठरलेली असते. तुमच्या फोटोंत सुनेची बाही कोपरापर्यंत आहे, जावेची आखूड आणि काठाची. कधी साडी, काठ, पदर सगळं जुळलं आणि ब्लाउज वेगळा निघाला, तर समजायचं की साडी एक पण नेसणाऱ्या दोन, किंवा नेसणारी एक पण प्रसंग दोन.

आता झोपाळा. दोन्ही फोटोंत मागे फुलांनी सजवलेला झोपाळा आहे, आणि दोन्ही गिऱ्हाइकांचं भांडण मला वाटतं तिथूनच सुरू झालं. डोहाळजेवणाला झोपाळा असतोच. पण चैत्रगौरही झोपाळ्यातच बसते. जावेच्या मागचा झोपाळा नीट बघा, तो चौरंगावर ठेवलेला छोटा पितळी आहे, त्यात कुणी माणूस बसू शकणार नाही. तिच्या हातातल्या तबकात वाटली डाळ आहे आणि शेजारी पन्ह्याचे पेले. म्हणजे हे चैत्रातलं हळदीकुंकू आहे. संक्रांतीचं असतं तर काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने दिसले असते. मालिका सण शक्यतो पंचांगाच्या आगेमागे दाखवतात, कारण घरोघरी तो सण चालू असतानाच तो भाग पाहिला जातो. म्हणून जावेच्या साडीचा भाग शोधायचा तर वर्षभराचे भाग चाळायची गरज नाही. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे बघा, त्यातच सापडेल.

सुनेचा फोटो जास्त गमतीचा आहे. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, म्हणजे डोहाळजेवण यात वाद नाही. आपल्याकडे कुबसाला, म्हणजे गर्भवतीच्या ओटीभरणालासुद्धा, हिरवाच रंग असतो, त्यामुळे तुमच्या बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या गिऱ्हाइकांनाही ती लगेच ओळखू आली असणार. पण तो फोटो मालिकेच्या भागातला नाही, प्रोमोतला आहे. हे कशावरून? एक, फोटोची खालची पट्टी कापलीय, तिथे प्रोमोत दिवस आणि वेळ लिहिलेली असते. दोन, सगळीकडे एकसारखा सपाट उजेड आहे, मागे घरातलं कुणी नाही. तीन, आणि हे मला सगळ्यात पक्कं वाटतं, पोट. डोहाळजेवण सातव्या महिन्यात दाखवतात आणि नायिकेच्या कमरेला त्या महिन्याचं पॅड बांधलेलं असतं. पॅडचे आकार चढत्या क्रमानं ठेवलेले असतात आणि कथेतल्या महिन्याप्रमाणे बदलतात. तुमच्या फोटोत पोट जेमतेम दिसतंय. म्हणजे हे चित्रीकरण कथा तिथे पोचण्याआधीच झालंय.

प्रोमो बहुधा असाच होतो. तो मूळ भागांच्या आधी, वेगळ्या दिवशी काढतात, आणि अनेकदा चॅनेलची वेगळी मंडळी काढतात. तेव्हा खऱ्या प्रसंगाची साडी अजून आलेली नसते. विभागातली जी चांगली हिरवी हाताशी असेल ती नेसवली जाते. पुढे प्रत्यक्ष प्रसंगाला दुसरीच येते, आणि प्रेक्षक म्हणतात, साडी बदलली कशी? तुम्ही दिलेल्या नावावरून मी डोहाळजेवणाचा भाग काढून पाहिला. त्यात सुनेनं हिरवीच नेसलीय, पण ती पैठणी आहे, इरकल नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकानं पाहिलेली इरकल खरी, सून खरी, प्रसंगही खरा, फक्त ती साडी त्या भागात नाही. तिनं भाग उघडून दाखवा म्हटलं असतं तर तुम्हाला ती सापडली नसती आणि खोटं तुमच्यावर आलं असतं.

'कोणत्या सीनमध्ये' या प्रश्नाचं उत्तर देताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आमच्या वहीत भागांचा क्रमांक मागाहून येतो. आधी येतो कथेतला दिवस. सेटवर कंटिन्युटीची वही असते. तिच्यात सीनचा क्रमांक, कथेतला कितवा दिवस, सकाळ की रात्र, जागा, आणि प्रत्येक पात्रापुढे चेंज क्रमांक लिहितात. कपडे बदलले की नवा चेंज. सोबत प्रत्येक चेंजचा समोरून, बाजूनं आणि पाठीमागून फोटो असतो, पदर कुठल्या खांद्यावर, पिन कुठे, गजरा किती वेढ्यांचा, टिकली कोणती, हे दिसेल असा. चित्रीकरण क्रमानं होत नाही. दिवाणखान्यातले सगळे सीन एकदम उरकतात, स्वयंपाकघरातले आठवड्यानं. मध्ये फोटो नसला तर जाऊ दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना तिचा पदर आपोआप दुसऱ्या खांद्यावर जातो. प्रेक्षक ते बरोबर पकडतात.

याचा तुम्हाला उपयोग असा: मालिकेतला एक मोठा दिवस, लग्न किंवा हळदीकुंकू, चार-पाच भाग सहज चालतो. त्या सगळ्या भागांत बाईच्या अंगावर एकच साडी. वर दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीला आदल्या भागाची झलक असते आणि पुढे महिन्यांनी आठवणीत तोच तुकडा परत येतो. म्हणून कुणी 'एकवीस तारखेच्या भागात' म्हणालं आणि कुणी 'चोवीसच्या' म्हणालं तर दोघंही बरोबर असू शकतात. भागावरून भांडण मिटत नाही, कथेतल्या दिवसावरून मिटतं. 'चैत्रगौरीच्या दिवशी, सकाळपासून रात्रीपर्यंत' असं सांगितलं की ते सगळ्या भागांना लागू पडतं. फक्त आठवणीतला तुकडा वेगळा नोंदवा. त्यात चित्र फिकट किंवा कडा धूसर केलेल्या असतात, तिथे रंग बघूच नका.

तुम्ही दुकानात एक वही ठेवा. फार रकाने आखू नका, चालणार नाहीत. मालिका, पात्र, कथेतला प्रसंग, पहिल्यांदा दिसली तो भाग आणि त्यातला मिनिट, काठ, अंग, पदराची नक्षी, ब्लाउज, आणि शेवटी रंग. रंगापुढे उजेड लिहा, दिवसाचा की दिव्यांचा. रंगासाठी त्याच दिवसातला अंगणातला किंवा खिडकीजवळचा सीन शोधा आणि त्यात काहीतरी पांढरं धरा, कुणाचा सदरा किंवा भिंत. तो सदरा पिवळट दिसत असेल तर साडीही पिवळ्याकडे झुकलीय असं समजायचं. जावेच्या बाबतीत सकाळी तुळशीपाशी एक सीन आहे. तिथे तिची साडी निखळ रामा दिसते, संध्याकाळी आरतीच्या वेळी तीच हिरवी दिसते. खऱ्या वाड्यात चित्रीकरण असेल तर हा फरक जास्त पडतो. 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्याच्या वाड्यात व्हायची, तसल्या ठिकाणी दाराजवळ सूर्याचा उजेड आणि आतल्या खोलीत दिव्यांचा, एकाच सीनमध्ये दोन्ही. मुंबईच्या बंद सेटवर फरक कमी असतो, कारण तिथे दुपारही आम्हीच लावतो.

मालिकेच्या भागाखाली जी वेशभूषेची नावं येतात, त्यांना विचारावं का, असंही कुणी सुचवेल. विचारा, पण अपेक्षा बेतानं ठेवा. डिझायनर लुक ठरवतात. रोजची साडी काढून देतो तो ड्रेसदादा, आणि कुठला चेंज कधी वापरला हे साहाय्यकाला ठाऊक असतं. मालिका संपली की वही कुठल्या तरी पेटीत जाते. शिवाय नटीनं स्वतःच्या समाज माध्यमांवर टाकलेला फोटो पुरावा धरू नका. मेकअप खोलीतला फोटो आहे, पण त्या साडीत सीन झाला की ऐनवेळी बदलली, हे त्यातून कळत नाही.

पडद्यावरून जे कळतच नाही तेही गिऱ्हाइकाला सांगा. हातमाग की पॉवरलूम, पदर रेशमी की कृत्रिम रेशमाचा, साडी कुठून घेतली, किंमत काय, यातलं काहीही स्क्रीनशॉटवरून ओळखता येत नाही. टोप तेणीच्या पद्धतीनं जोडलेल्या पदराला अंगाच्या आणि पदराच्या सांध्याशी फासे असतात, पण ते उलट्या बाजूनं आणि हातात घेतल्यावर दिसतात. कॅमेरा तिथे कधी जात नाही. त्यामुळे 'मालिकेतली ओरिजिनल' असं लेबल लावू नका. 'जावेनं चैत्रगौरीला नेसली तशी, रामा रंग, चिक्की परास, रेघांचं अंग' असं लिहिलं तर ते खरंही आहे आणि गिऱ्हाइकाला हवं तेही त्यात आहे.

बारीक चौकडा शोधणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक जादा माहिती. इरकलीतला अगदी बारीक चौकडा मालिकेत फारसा दिसणार नाही, कारण कॅमेऱ्यासमोर तो थरथरतो आणि कापडावर नसलेल्या लाटा दिसायला लागतात. आम्ही तो लुक टेस्टलाच बाजूला काढतो. जावेच्या साडीतल्या रेघा टिकल्या त्या त्यांच्यातलं अंतर बरं होतं म्हणून. तेव्हा कुणी 'मालिकेतला बारीक चौकडा' मागितला तर तो बहुधा दुरून तसा दिसलेला रेघांचाच प्रकार असतो. फोटो मोठा करून निऱ्या दाखवा, लगेच ओळखतील.

थोडक्यात तुमच्या दोघी गिऱ्हाइकांना असं सांगा. पहिलीला: सुनेची हिरवी इरकल प्रोमोतली, गोमी काठ रुंद, अंग कोरं, पदरावर बुरुज, बाही कोपरापर्यंत; प्रत्यक्ष भागात पैठणी. दुसरीला: जावेची रामा इरकल, चैत्रगौरीच्या दिवशीची, अरुंद काठ, अंगात रेघा, ब्लाउजला काठाची आखूड बाही, पदराची नक्षी पाहायची राहिली. ती नक्षी बघायची तर जाऊ पाठमोरी जिना चढते तो सीन काढा, त्याच दिवसातला आहे, आरतीच्या आधी. तिथे पदर पाठीवर मोकळा आहे आणि दिवाही जिन्याच्या तोंडाशीच आहे. त्याचा स्क्रीनशॉट पाठवलात तर नक्षी कुठली ते बघून सांगते.